'नयेत' बरोबरच आहे, पण गुरुजींना इतक्या सहज 'बरोबर' म्हणू देऊ नका

ताई, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत क्लार्क आहे, थोडंफार लिहितो. एक लघुकथा लिहिलीय, बरीचशी माझ्यावरच बेतलेली, ड्राफ्ट सोबत जोडलाय. कथेतला क्लार्क फलकासाठी वाक्य लिहितो: 'पशुपालकांनी आपली जनावरे गावात मोकाट सोडू नयेत, सोडल्यास ती कोंडवाड्यात घालण्यात येतील.' उपसरपंच म्हणतात 'नयेत' चूक, सगळीकडे 'नये' असतं. ऑफिसात सगळे हसतात. मग रिटायर्ड गुरुजी येतात, चष्मा लावून वाचतात आणि सांगतात की वाक्य बरोबर आहे. क्लार्कच्या डोळ्यात पाणी येतं, कथा संपते. मित्र म्हणतात यात घडतच काही नाही. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर का आहे हे मलाही नीट सांगता येत नाही, गुरुजी म्हणाले म्हणून बरोबर. काय करू?

— एक क्लार्क

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. तुम्हाला कारण माहीत नाही म्हणून तुमच्या गुरुजींनाही माहीत नाही, आणि म्हणून ते कथेत येऊन नुसता शिक्का मारून जातात. तुमच्या मित्रांना 'काही घडत नाही' असं वाटतंय ते याच्यामुळे, त्यांना कदाचित तसं सांगता आलं नसेल. तेव्हा आधी व्याकरण बघू, कथेचं काय करायचं ते त्यातूनच निघेल, मला तरी ते निघताना दिसतंय.

'नये' हा शब्द थोडा लबाड आहे. तो लिंगाप्रमाणे बदलत नाही. बैल सोडू नये, म्हैस सोडू नये, वासरू सोडू नये, तिन्हीकडे 'नये'च. बदलतो तो फक्त एक की अनेक यावर, एक असेल तर 'नये' आणि अनेक असतील तर 'नयेत'. आता 'पशुपालकांनी' मध्ये 'नी' लागलाय, त्यामुळे पशुपालक कितीही असले तरी क्रियापदाला त्यांच्याशी देणंघेणं नाही. क्रियापद बघतं ते कर्माकडे, म्हणजे काय सोडायचं नाही त्याच्याकडे. 'जनावरे' हे कर्म, त्याला काही प्रत्यय लागलेला नाही, ते अनेकवचनी आहे, म्हणून 'नयेत'. याला शाळेत कर्मणी प्रयोग म्हणायचे, आठवत असेल तर.

पण 'नये' लिंग दाखवत नसल्यामुळे ऐकून पटकन कळत नाही, तेव्हा एक सोपी युक्ती करायची. वाक्य होकारार्थी करून बघायचं. 'सोडू नये' च्या जागी 'बांधणे' घाला. पशुपालकांनी बैल बांधावा. म्हैस बांधावी. वासरू बांधावे. म्हशी बांधाव्यात. जनावरे... आता तुम्हीच बोलून बघा, 'जनावरे बांधावे' असं कोणाच्याही तोंडात बसत नाही, आपोआप 'बांधावीत' येतं. जिथे शेवटी 'त' येतो तिथे नकारातही 'त' येणार, बांधावीत आणि सोडू नयेत, हिशेब सारखाच. अडाणी माणूसही या परीक्षेत पास होतो, कारण बोलताना आपण हे बरोबरच करतो, गोंधळ फक्त 'नये'ला होतो.

आणि गोंधळ होतो याला कारण आहे, तेही कथेला उपयोगी पडेल. आपल्या आजूबाजूला ज्या पाट्या असतात त्यातल्या बहुतेक 'नये' वर संपतात आणि त्या बरोबर असतात. 'थुंकू नये', यात कर्मच नाही. 'कचरा टाकू नये', कचरा एकवचनी. 'परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये', प्रवेशही एकवचनी. हे वाचून वाचून डोळ्याला सवय होते की पाटी म्हटली की 'नये', मग बागेत 'फुले तोडू नये' लागतं, गेटवर 'गाड्या लावू नये' लागतं, आणि कोणाला खटकत नाही. (आमच्या बिल्डिंगच्या गेटवर हेच आहे, मी सेक्रेटरींना दोनदा सांगितलं, आता ते मला बघून जिना बदलतात.) म्हणजे तुमचे उपसरपंच 'सगळीकडे नयेच असतं' म्हणतात ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरंच सगळीकडे तेच पाहिलंय. त्यांना मूर्ख दाखवू नका, कथा तिथेच पडते.

उलट त्यांना अजून थोडी बाजू द्या, कारण ती आहे. 'जनावरे' ला 'ना' लावला की वाक्य पालटतं. 'पशुपालकांनी आपल्या जनावरांना मोकाट सोडू नये.' हे शंभर टक्के बरोबर आहे, कारण आता कर्मालाही प्रत्यय लागला, क्रियापदाला धरायला कोणीच उरलं नाही, मग ते एकवचनात जाऊन बसतं, तोच भावे प्रयोग. म्हणजे उपसरपंचांच्या कानात जे वाक्य वाजत होतं ते बहुतेक हे होतं. दोघांचीही वाक्यं बरोबर होऊ शकतात, चूक होते ती एकाचं अर्धं दुसऱ्याच्या अर्ध्याला जोडल्यावर.

आता इथे थांबा आणि तुमच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बघा, कारण तुमची कथा मला तिथे सापडली. 'सोडल्यास ती कोंडवाड्यात घालण्यात येतील.' यात 'ती' म्हणजे जनावरे, अनेकवचन, म्हणून 'येतील'. आपल्या सरकारी कागदांत 'कारवाई करण्यात येईल' इतक्या वेळा येतं की बरेच जण हात चालतो तसं 'येईल'च लिहून टाकतात, तुमच्या क्लार्कने तसं केलं नाही, म्हणजे त्याला वाक्य कळतं, भले कारण सांगता येत नसेल. उपसरपंचांच्या पद्धतीने गेलं असतं तर शेवटही बदलला असता, 'जनावरांना मोकाट सोडू नये, सोडल्यास त्यांना कोंडवाड्यात घालण्यात येईल.' बघा, 'नये' बरोबर 'येईल' येतं आणि 'नयेत' बरोबर 'येतील', जोडीने चालतात बैलांसारखे.

मग असं करा. ऑफिसात वाद होतो, क्लार्कचं कोणी ऐकत नाही, आणि उपसरपंच पेंटरला सांगून फक्त 'नयेत' मधला 'त' काढायला लावतात. बाकी वाक्याला कोणी हात लावत नाही कारण बाकी वाक्याकडे कोणाचं लक्षच नाहीये. फलक लागतो: 'पशुपालकांनी आपली जनावरे गावात मोकाट सोडू नये, सोडल्यास ती कोंडवाड्यात घालण्यात येतील.' आणि गुरुजींना या वादातलं काहीही माहीत नाही. ते आपले सकाळी दूध घेऊन चाललेत, फलकापाशी थांबतात, वाचतात, पुन्हा वाचतात. तुमच्या क्लार्कला विचारतात, "हे तू लिहिलंस का रे?" तो म्हणतो, "हो गुरुजी." आता वाचकाला वाटतं की हे रागावणार. गुरुजी म्हणतात, "मग 'येतील' बरोबर लिहिणारा माणूस 'नये' कसं लिहील? इथला त कोणी खाल्ला?"

दिसतंय का? आता गुरुजींनी जे सांगितलं ते त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं, आणि ज्या वाक्याला ते बरोबर म्हणतायत ते त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. शिल्लक राहिलेल्या अर्ध्या वाक्यावरून त्यांनी मूळ वाक्य ओळखलं आणि त्यावरून लिहिणारा ओळखला. तुमच्या आत्ताच्या ड्राफ्टमध्ये गुरुजी आले की क्लार्क कागद घेऊन त्यांच्याकडे न्याय मागायला जातो, ते मला आवडत नाही, कारण जो न्याय मागायला जातो त्याला काय मिळणार हे वाचकाला आधीच माहीत असतं. त्यातून आपण वर्षानुवर्षं गुरुजींना कथेत देवासारखं आणून बसवत आलोय, तुमच्या गुरुजींनाही तुम्ही चष्मा दिलाय, बहुतेक धोतरही दिलं असेल. तो चष्मा राहू द्या हवा तर, पण त्यांना काम द्या.

व्याकरण कथेत किती घालायचं? अगदी थोडं. मी वर जे सगळं सांगितलं त्यातलं कर्मणी, भावे हे शब्द कथेत येऊच देऊ नका, तो वर्ग होईल. बांधावीत-सोडू नयेत ही परीक्षा मात्र येऊ द्या, पण गुरुजींच्या तोंडून लेक्चरसारखी नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस पोरांना एकदम शिकवलेला माणूस सांगत नाही, म्हणवून घेतो. "बैल?" "बांधावा." "म्हस?" "बांधावी." "जनावरं?" "बांधावीत." तिथेच थांबायचं. तेवढ्यात फलकाजवळ उभे असलेले चार लोक, ज्यांना याच गुरुजींनी शिकवलंय, तेही नकळत पुटपुटतात, आणि त्यात उपसरपंच असतील तर आणखी मजा, त्यांच्याही तोंडून 'बांधावीत'च निघणार, दुसरं निघूच शकत नाही. तिथे कोणी हरल्याचं लिहायची गरज नाही.

आता काही तपशील, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील पण ड्राफ्टमध्ये आले नाहीत म्हणून सांगते. एक म्हणजे फलकाखाली नाव कोणाचं असतं? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. क्लार्कचं कुठेच नसतं. वाक्य त्याचं, सही दुसऱ्याची, आणि चूक निघाली की मात्र "क्लार्कनं लिहिलंय". हे तुम्ही रोज जगता आणि कथेत एका ओळीतही नाही! ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात, त्यांना या भांडणात घाला, ते दोन्हीकडे मान डोलावणारे असतील, त्यांचं सगळं लक्ष जावक नंबर पडला का याच्यात. 'त' काढायला पेंटरने पैसे मागितले का, ते कुठल्या खर्चात टाकले, हेही क्लार्कलाच लिहावं लागणार ना? स्वतःच्या बरोबर वाक्यातलं अक्षर खोडल्याचं व्हाउचर स्वतःच करायचं. माझ्या मते तुमच्या कथेत याच्याइतकी टोचणारी जागा दुसरी नाही, ती शांतपणे लिहा, 'फलक दुरुस्ती' एवढाच तपशील आणि पुढे रक्कम.

दुसरं कोंडवाड्याचं. तुम्ही ड्राफ्टमध्ये एका शेतकऱ्याला आणलंय ना, ज्याची म्हैस पकडली जाते आणि तो म्हणतो तुमची नोटीसच चुकीची आहे म्हणून म्हैस सोडा, हे ऐकायला छान आहे पण त्याला जिंकू देऊ नका. कोंडवाड्यांचा इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा, आणि तो तुमच्या फलकावर अवलंबून नाही. त्या कायद्याप्रमाणे कोणाच्या उभ्या पिकात जनावर शिरून नुकसान करत असेल तर तो शेतकरी ते पकडू शकतो आणि 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं असतं. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला की जनावर परत. 7 दिवसांत कोणी आलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, मग ठाण्याने जनावराचं वर्णन लिहून नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची, आणि त्यानंतरही 7 दिवस कोणी आलं नाही तर लिलाव. यात कुठेही 'नये' की 'नयेत' असा प्रश्न येत नाही. म्हणजे कायद्याने त्या 'त' ला दमडीची किंमत नाही, आणि हे तुमच्या क्लार्कला माहीत आहे, तरी त्याला तो हवा आहे. शेतकऱ्याचा तो सीन ठेवायचाच असेल तर विनोदासाठी ठेवा, आणि लोकांना हसू द्या, पण हसताना ते क्लार्ककडे बघतायत एवढं दाखवा.

लिलावाच्या नोटिशीचंही डोक्यात ठेवा बरं का, कारण तिच्यासाठीचं वर्णनही बहुतेक क्लार्कच लिहिणार. 'एक म्हैस, रंग काळा, डावे शिंग मोडलेले.' अशा वर्णनात चुका काढायला कोणी येत नाही.

तिसरं भाषेचं. तुम्ही निवेदनात 'जनावरे', 'केले', 'असे' लिहिलंय आणि संवादातही तेच, त्यामुळे तुमची माणसं फलकासारखी बोलतात. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनाचे नियम आहेत, 1962 चे 14 आणि 1972 ला त्यात 4 वाढले असे 18, त्यातच लिहिलंय की पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही. तेव्हा सोलापूरकडचा माणूस जसा बोलतो तसा बोलू द्या, 'जनावरं', 'म्हस', 'आरं', 'न्हाई'. याचा एक जास्तीचा फायदा तुमच्याच कथेत आहे. फलकावर 'जनावरे' आणि लोकांच्या तोंडी 'जनावरं', दोन्ही एकाच पानावर आले की वाचकाला न सांगता कळतं की फलकाची भाषा ही या गावात कोणाचीच बोलायची भाषा नाही, ती सगळ्यांना थोडी परकी आहे, म्हणूनच तिच्यावरून एवढी भांडणं होतात आणि म्हणूनच गुरुजींचा शब्द चालतो. फक्त एक सांभाळा, बोलीत 'जनावरं सोडू नये' असं सर्रास म्हणतात आणि तिथे ती चूक नाही, कोणाच्या बोलण्याला गुरुजींनी सुधारायला जाऊ नये. गुरुजी सुधारतील तर फक्त रंगवलेलं.

आणि 'पशुपालक'. तुमच्या गावात कोणी स्वतःला पशुपालक म्हणवतं का? दोन शेळ्या असलेल्या आजीला कळलं का की फलक तिच्यासाठी आहे? ही एक ओळ मी टाकली असती, आजी फलक वाचून म्हणते हे डेअरीवाल्यांसाठी आहे, आणि तिच्या शेळ्या तशाच फलकाच्या खांबाला अंग घासतायत. वाक्य व्याकरणात बरोबर असूनही पोचत नाही असं होतं, तुमच्या क्लार्कला हेही एकदा जाणवू द्या, नाहीतर तो फारच शहाणा वाटेल.

शेवट. डोळ्यातलं पाणी काढा. ते तुमचं आहे, पात्राचं नाही, आणि पत्रात वाचून मला पटलं पण कथेत पटणार नाही. गुरुजी दूध घेऊन निघून जातात, त्यांना घरी चहाला उशीर होतोय. फलक तिथेच आहे. पेंटरने 'त' खोडताना त्याच्यावर निळा रंग मारलेला असणार, पण नवा निळा जुन्या निळ्याशी कधी जुळत नाही, उन्हात तो चौकोन वेगळा दिसतोच, त्याखालून पांढरी उभी रेघही थोडी दिसत असेल. 'नये' आणि स्वल्पविराम यांच्यात एका अक्षराची जागा मोकळी आहे. क्लार्क तिथे उभा आहे, खिशाला पेन आहे, मार्कर ऑफिसात आहे. तो ऑफिसात जातो, आणि टेबलावर काय पडलंय तर पुढचा कागद, नळाला मोटारी लावण्याबद्दलची सूचना, उपसरपंचांनी स्वतःच्या हाताने कच्ची लिहून दिलेली: 'ग्रामस्थांनी नळाला मोटारी लावू'. पुढे जागा सोडलीय.

इथे संपवा, त्याने काय लिहिलं ते लिहू नका. दुसरा ड्राफ्ट झाला की पाठवा, आणि पाठवताना उपसरपंचांचं खरं नाव काढलंय ना ते एकदा बघा, पहिल्या ड्राफ्टमध्ये दोन ठिकाणी राहिलं होतं.